पाच पिनांचे व्यास आणि व्हेरिअन्सचा प्रश्न: भागायचं n ने की n−1 ने?

अनगोळकर_विद्यार्थी

नमस्कार मंडळी. मी बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सला आहे, बेळगावात. मॅक्सिमम लाइकलिहुड वर्गात झालं, सूत्र पाठ आहे, पण ते कुठून येतं ते मला नीट उमगलेलं नाही. म्हणून काकांच्या उद्यमबागेतल्या टर्निंग शॉपमधून खरी मापं आणली. २५ मिमीच्या पिना आहेत. एकामागून एक निघालेल्या पाच पिनांचे व्यास, २५ मिमीच्या वर किती मायक्रॉन ते लिहितो:

१२, ८, १५, १०, ५

हे नॉर्मल वितरणातून आलेत असं धरलं, सरासरी μ आणि व्हेरिअन्स σ² दोन्ही माहीत नाहीत, तर मॅक्सिमम लाइकलिहुड एस्टिमेट, म्हणजे एमएलई, कसा काढायचा? आणि उत्तरात σ² साठी ५ ने भागतात, पण आधीच्या सेमिस्टरला आम्ही ४ ने भागायला शिकलो. दोन्ही बरोबर कसं असेल?

निपाणी_क्लासेस

सोपं आहे. लाइकलिहुड म्हणजे μ अमुक असण्याची शक्यता. ज्या μ ची शक्यता सगळ्यात जास्त, तो एमएलई. लॉग घ्या, डेरिव्हेटिव्ह शून्य ठेवा, सरासरी मिळते. ५ की ४ याचा फार विचार करू नका, n मोठा झाला की फरक राहत नाही. परीक्षेत एमएलई विचारला तर n, अनबायस्ड विचारला तर n−1.

शहापूर_कन्या

सर, एक विचारू का? व्यास तर कुठलाही असू शकतो. अगदी बरोबर २५.०१२ मिमी येण्याची प्रॉबॅबिलिटी शून्यच असणार ना? मग पाच शून्यांचा गुणाकार करून त्यातलं सगळ्यात मोठं काय शोधायचं?

खानापूरकर

ताई, तुमचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सुटला की निपाणीच्या सरांचं पहिलं वाक्य कुठे सरकलंय तेही दिसेल. (सांख्यिकी शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे उत्तर लांबेल, समजून घ्या.)

मायक्रोमीटरवर «१२» वाचलं याचा अर्थ खरा व्यास ११.५ ते १२.५ च्या मध्ये कुठेतरी आहे. त्या एक मायक्रॉन रुंदीच्या पट्टीत पिन पडण्याची प्रॉबॅबिलिटी शून्य नाही. ती जवळजवळ घनतेची तिथली उंची गुणिले पट्टीची रुंदी एवढी आहे. पाचही मापांना रुंदी तीच, आणि μ, σ² काहीही धरले तरी ती बदलत नाही. म्हणून ती बाजूला ठेवतात आणि फक्त उंचींचा गुणाकार करतात. हेच लाइकलिहुड. मात्र पट्टी σ पेक्षा बरीच अरुंद असेल तेव्हाच हे चालतं. इथे σ साधारण ३ ते ४ मायक्रॉन निघणार आहे आणि पट्टी १ ची, म्हणजे चालेल. एक शतांश मिमीचं मायक्रोमीटर वापरलं असतं तर पट्टी १० मायक्रॉनची झाली असती. मग पाचही पिना कदाचित «२५.०१»च वाचल्या गेल्या असत्या आणि सूत्राने σ = ० असं उत्तर दिलं असतं. ते उत्तर पिनांबद्दल काहीच सांगत नाही, मोजणी फार जाड झाली एवढंच सांगतं.

आता सर, तुमचं वाक्य. मापं आपल्या हातात आहेत, ती बदलत नाहीत. आपण μ आणि σ² बदलून बघतो की कुठल्या जोडीखाली हीच मापं येणं सगळ्यात जास्त संभवतं. μ ची स्वतःची शक्यता यात कुठेच नाही. μ वर आधीच एखादं वितरण गृहीत धरलं तर तसं बोलता येईल, पण ती वेगळी वाट झाली, तिचं उत्तरही वेगळं येऊ शकतं.

अनगोळकर_विद्यार्थी

म्हणजे μ = १० आणि μ = १२ यांची तुलना करायची तर काय म्हणायचं?

खानापूरकर

आकड्यांनीच बघू. लॉग-लाइकलिहुड असं आहे:

ℓ(μ, σ²) = −(n/2) ln(2π) − (n/2) ln σ² − (1/(2σ²)) Σ(xᵢ − μ)²

लॉग घेतल्याने गुणाकाराची बेरीज झाली, आणि शिखर जिथे होतं तिथेच राहिलं. पहिल्या पदात μ ही नाही, σ² ही नाही. सगळा खेळ शेवटच्या दोन पदांचा.

σ² सध्या ११.६ धरा (हा आकडा का, ते पुढे येईलच). μ = १० ठेवलं तर वर्गांची बेरीज ४ + ४ + २५ + ० + २५ = ५८, आणि ℓ = −१३.२२. μ = १२ ठेवलं तर बेरीज ७८ होते आणि ℓ = −१४.०८. फरक ०.८६२, आणि e चा ०.८६२ वा घात साधारण २.३७. म्हणजे μ = १० धरलं तर ही पाच मापं μ = १२ च्या तुलनेत २.३७ पट संभवतात. वाक्य एवढंच. «μ १० असण्याची शक्यता २.३७ पट» असं म्हटलं की आपण न मोजलेली गोष्ट बोललो.

टर्नर_उद्यमबाग

१५ वाली पिन रिजेक्ट हाय काय नाही ते सांगा की ओ. आमच्यात ड्रॉइंगला प्लस २० पर्यंत चालतंय. पाचीच्या पाची पास हायत बघा. मग एवढं गणित कशाला घातलाय?

अनगोळकर_विद्यार्थी

दादा, पाच पास आहेतच. मला मशीन एकूण किती इकडेतिकडे करतं ते काढायचंय. या पाचांवरून पुढच्या हजार पिनांतल्या किती २० च्या वर जातील याचा अंदाज σ वरून येतो.

टर्नर_उद्यमबाग

असं होय. मग बरोबर हाय. चालू द्या.

खानापूरकर

आता मुख्य काम. सगळीकडे लगेच डेरिव्हेटिव्ह घेतात, पण μ साठी त्याची गरजच नाही. ही ओळ स्वतः एकदा उलगडून बघा, x̄ म्हणजे आपल्या मापांची सरासरी:

Σ(xᵢ − μ)² = Σ(xᵢ − x̄)² + n(x̄ − μ)²

मधलं पद उडतं, कारण Σ(xᵢ − x̄) शून्य असते. उजवीकडच्या पहिल्या पदात μ नाही, त्याला S म्हणू. आपल्याकडे S = ५८. दुसरं पद ऋण होऊच शकत नाही, आणि μ = x̄ असताना ते शून्य होतं. ℓ मध्ये ही बेरीज वजा चिन्हाने येते, म्हणून ती जितकी लहान तितकं ℓ मोठं. मघाशी μ = १२ ला ७८ कसे आले तेही इथे दिसतं: ५८ + ५ × ४.

यातून एक फार कामाची गोष्ट मिळते. σ² काहीही असो, ५ असो की ५००, μ साठी सगळ्यात चांगली जागा x̄ हीच. म्हणून दोन अज्ञातांचा प्रश्न एका अज्ञाताचा झाला. μ च्या जागी १० घाला आणि σ² ला v म्हणा. उरतं ते एवढंच:

−(n/2) ln v − S/(2v)

दोन पदं एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. v लहान केला तर पहिलं पद वर चढतं, पण S/(2v) फुगून सगळं खाली खेचतं: नॉर्मल वितरणाची घंटा एवढी अरुंद होते की ५ आणि १५ तिच्या बाहेर पडतात. v मोठा केला तर उलट, घंटा पसरट होऊन सगळीकडेच तिची उंची कमी होते. डेरिव्हेटिव्ह घेतला की:

−n/(2v) + S/(2v²) = (n/(2v²)) · (S/n − v)

मी मुद्दाम असा मांडला. कंसाबाहेरचं नेहमी धन. v हा S/n पेक्षा लहान असेल तोवर कंस धन, म्हणजे ℓ चढतंय. S/n ओलांडलं की कंस ऋण, उतरण सुरू. शिखर एकच, आणि ते S/n ला. दुसरा डेरिव्हेटिव्ह काढून तो ऋण आहे हे दाखवणंही चालतं, पण त्याने त्या जागेजवळचंच कळतं. या चिन्हाने पूर्ण रस्ता कळतो.

v̂ = ५८/५ = ११.६, आणि σ̂ त्याचं वर्गमूळ, ३.४१ मायक्रॉन.

ताळा करून बघा: v = ८ ला ℓ = −१३.४२, ११.६ ला −१३.२२, १४.५ ला −१३.२८, २० ला −१३.५३. १४.५ म्हणजे तुमचं ४ ने भागलेलं उत्तर. शिखरापासून ते किती थोडं खाली आहे बघा. पाच मापांत ११.६ आणि १४.५ यांत निवड करण्याएवढा पुरावाच नाही.

शहापूर_कन्या

हे चिन्हाचं मला पटकन समजलं, वहीत तसंच उतरवून घेतलं. पण एकच माप असेल तर? S शून्य होईल.

खानापूरकर

छान पकडलंत. एकच माप असलं की μ त्या मापावर ठेवायचा आणि v शून्याकडे न्यायचा. −(1/2) ln v वर जातच राहतं, अडवायला S नाही. शिखरच नाही, म्हणून एमएलई अस्तित्वात नाही. पाचही मापं तंतोतंत सारखी आली तरी तेच होतं. सॉफ्टवेअर अशा वेळी एक तर शून्य छापतं नाहीतर एरर देतं.

अनगोळकर_विद्यार्थी

५ आणि ४ चं अजून राहिलंय सर.

खानापूरकर

त्याचं मूळ त्याच ओळीत आहे. खरा μ आपल्याला माहीत नाही, म्हणून विचलनं x̄ पासून मोजली. आणि आत्ताच पाहिलं की वर्गांची बेरीज x̄ पाशीच सगळ्यात लहान असते. खऱ्या μ पासून मोजली असती तर ५८ किंवा त्याहून जास्तच आली असती. सरासरीने हा तोटा बरोबर एका σ² चा असतो, म्हणून S ची अपेक्षित किंमत (n − 1)σ². पाच मापांना एमएलई सरासरीने खऱ्या σ² च्या चार पंचमांश सांगतो. ४ ने भागलं की ती तूट भरून निघते, यालाच अनबायस्ड म्हणतात.

म्हणून n−1 च बरोबर असं मात्र समजू नका. चुकीच्या वर्गाची सरासरी काढली तर n = ५ ला S/4 साठी ती ०.५० σ⁴ येते आणि S/5 साठी ०.३६ σ⁴. एमएलई थोडा खाली झुकतो, पण इकडेतिकडे कमी उडतो. आणि σ² च्या एमएलईचं वर्गमूळ हाच σ चा एमएलई असतो, ही सोय अनबायस्ड आकड्याला नाही. १४.५ चं वर्गमूळ ३.८१ काढलं तर σ साठी तो आकडा अनबायस्ड राहत नाही. कशासाठी हवंय त्यावर ठरतं. फिशरने १९२२ च्या लेखात या पद्धतीला नाव देऊन ती पक्की मांडली, तेव्हा अनबायस्ड असणं ही तिची अट नव्हतीच.

निपाणी_क्लासेस

पहिल्या वाक्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण दुसऱ्यावर मी ठाम आहे. n मोठा झाला की n आणि n−1 सारखेच. हा वाद पाच-सहा मापांपुरताच आहे.

टर्नर_उद्यमबाग

आता मीबी एक सांगतो. तुमी म्हणताय मापं जास्त घ्या. आमच्यात दर तासाला दोन पिना लागोपाठच्या मोजून रजिस्टरला लिहितोय. पण सकाळपासनं टूल झिजत जातंय, त्यामुळं व्यास हळूहळू वाढतोय. मग सगळ्यांची एकच सरासरी कशी धरायची ओ? कालच्या पानावरचे चार तास लिहितो, ह्याच्यात मशीनला ऑफसेट देऊन साईज खाली आणलेला नाही:

पहिला तास ४, ८
दुसरा ९, ७
तिसरा १२, १४
चौथा १७, १३

खानापूरकर

दादा, तुमच्या रजिस्टरने या धाग्याचं काम केलं. निपाणीच्या सरांनी कृपया हे बारकाईने पाहावं.

आठही मापं एकाच μ ची धरली तर सरासरी १०.५, S = १२६, v̂ = १५.७५. पण यात टूलची झीज मिसळली आहे. मशीनचं स्वतःचं इकडेतिकडे होणं आणि तासागणिक सरकणं वेगळं करायला हवं. तेव्हा प्रत्येक तासाचा μ वेगळा धरू, σ² मात्र सगळ्यांना एकच. वरचीच वाट: प्रत्येक तासाचा μ̂ म्हणजे त्या दोन पिनांची सरासरी. मग S मध्ये प्रत्येक जोडीतून फरकाचा वर्ग भागिले २ एवढं येतं: ८ + २ + २ + ८ = २०. एकूण मापं ८. एमएलई म्हणजे २०/८ = २.५.

आता तूट मोजा. प्रत्येक तासाला एक सरासरी मापांतूनच काढली, म्हणजे प्रत्येक तासाला एक σ² गेला. S ची अपेक्षित किंमत ८σ² नाही, ४σ² आहे. एमएलई सरासरीने खऱ्याच्या निम्मा. आणि शंभर तास नोंदले तरी दोनशे मापांतून शंभर सरासऱ्या काढल्या जातील, पुन्हा निम्माच. मापं कितीही वाढवा, उत्तर σ² कडे जात नाही, σ²/2 कडे जातं. नेमन आणि एलिझाबेथ स्कॉट यांनी १९४८ साली दाखवलेलं उदाहरण याच घडणीचं आहे. मापांबरोबर अज्ञातांची संख्याही वाढत असेल, तर «n मोठा झाला की चालतं» हा आधार सुटतो.

दुरुस्ती इथे सोपी आहे: २० ला ८ ऐवजी ४ ने भागा, ५ मिळतात.

चिकोडी_ते_पुणे

मी कामानिमित्त आर ही स्टॅटिस्टिक्सची प्रोग्रामिंग भाषा वापरतो, चटकन चालवून पाहिलं. खरा σ = २, म्हणजे σ² = ४ ठेवला:

```
m <- 10000
mu <- rnorm(m, 10, 5)
a <- rnorm(m, mu, 2)
b <- rnorm(m, mu, 2)
sum((a - b)^2) / (4 * m)
```

दर वेळी २ च्या आसपास येतं. वीस हजार मापं घेऊनही ४ च्या जवळ जात नाही. कोणालाही करून बघता येईल.

निपाणी_क्लासेस

चालवून बघितलं. माझं विधान एकाच μ च्या नमुन्यापुरतं खरं आहे, हे मान्य करतो. पुढच्या बॅचला हे उदाहरण नक्की घेणार.

अनगोळकर_विद्यार्थी

पण सर, दर तासाला नवा μ कशाला? दादा म्हणतात टूल हळूहळू झिजतं. मग सरळ रेष धरली तर? अज्ञात दोनच राहतील.

खानापूरकर

चांगला विचार आहे. याच चार तासांवर रेष बसवली तर चढ तासाला ३.२ मायक्रॉन निघतो. रेषेपासूनच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज २३.६, एमएलई २३.६/८ = २.९५. रेषेत दोनच आकडे काढले, म्हणून ६ ने भागलं तर ३.९३. आणि तास वाढवत गेलात तर इथे तूट खरोखर नाहीशी होते, कारण अज्ञात दोनच राहतात.

पण रेष ही गृहीत धरलेली गोष्ट आहे. झीज सरळ नसेल तर वाकडेपणा सगळा σ² च्या खात्यात जमा होईल आणि मशीन आहे त्यापेक्षा वाईट दिसेल. जोड्यांच्या पद्धतीला झीज कशी होते याची पर्वा नाही. ३.९३ की ५, हे आठ मापांवरून मी ठरवणार नाही.

टर्नर_उद्यमबाग

सरळ कुठली असतीया ओ. साईज वर गेला की मी ऑफसेट देतोय, मग एकदम खाली येतंय आणि परत चढतंय. टूलच्या टोकाला नवीन इन्सर्ट लावला की पहिल्यांदा भराभर झिजतंय, मग जरा दमानं. रजिस्टरला ऑफसेट दिलेली वेळ लिहिलेली असते, पण इन्सर्ट कधी बदलला ते सगळ्यांनीच लिहिलंय असं नाही.

शहापूर_कन्या

मग ऑफसेटच्या प्रत्येक टप्प्याला वेगळी रेष धरायची का? तसं केलं तर टप्प्याला दोन अज्ञात येतील. टप्पे वाढले की पुन्हा तीच तूट?

खानापूरकर

बरोबर ओळखलंत, टप्प्यामागे दोन σ² जातील. टप्पा आठ तासांचा, म्हणजे सोळा मापांचा असेल तर एमएलई खऱ्याच्या १४/१६, आणि टप्पे कितीही झाले तरी तो तिथेच थांबेल. तीन तासांचाच टप्पा असेल तर ४/६. तेव्हा दादा किती तासांनी ऑफसेट देतात ते आधी कळायला हवं. चढ सगळ्या टप्प्यांना एकच धरून फक्त सुरुवात वेगळी ठेवता येईल का, तेही पाहता येईल, पण नवीन इन्सर्ट भराभर झिजतं हे ऐकून मला त्यावर भरवसा वाटत नाही.

टर्नर_उद्यमबाग

कधी चार तासानं, कधी शिफ्ट संपली तरी द्यावा लागत नाही. मटेरियलवर हाय ते. विद्यार्थी भाऊ, शनिवारी दुपारी या शॉपवर, महिन्याचं रजिस्टर काढून ठेवतो. इन्सर्टचं स्टोअरच्या वहीत सापडतंय काय बघतो.

अनगोळकर_विद्यार्थी

येतो दादा. आधी फक्त जोड्यांचे फरक टाइप करून घेतो, त्याला इन्सर्टची तारीख लागत नाही. मग तारखा मिळतील त्या दिवसांपुरत्या रेषा बसवतो आणि दोन्ही σ² इथे टाकतो.

खानापूरकर

फरक लिहिताना चिन्ह ठेवा, दुसरी पिन वजा पहिली असं. लागोपाठच्या दोन पिनांत झीज नगण्य आहे असं आपण धरलंय. तसं असेल तर फरकांची सरासरी शून्याजवळ येईल. ती सातत्याने धन निघाली, तर जोडीच्या आतही टूल झिजतंय असं समजा, आणि मग ५ हा आकडाही थोडा फुगलेला आहे.